थकली आणि थकवली

रात्री पावणेदहाला पेपरच्या मालकांचा फोन येतो तेव्हा ते सहसा "बातमी छापू नका" असं म्हणत नाहीत. तसं म्हणाले असते तर निदान प्रश्न सरळ झाला असता. ते म्हणतात, "बातमी द्या हो, पण जरा सौम्य करा." साडेदहाला बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडायचं असतं आणि हातात पंचेचाळीस मिनिटं असतात. 'सौम्य' म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही आणि विचारायला वेळही नसतो. मग बातमीदार किंवा उपसंपादक आपल्या अंदाजाने हात फिरवतो. हे अंदाजाने हात फिरवणंच मला मुळात धोक्याचं वाटतं. मालकांनी एखादी गोष्ट प्रत्यक्ष सांगितली असती तर तिच्यावर वाद घालता आला असता. इथे मालकांना काय आवडेल याचा अंदाज बांधून आपणच आपली बातमी पातळ करतो, आणि बऱ्याचदा त्यांनी मागितली होती त्याहून जास्त.

जिल्ह्याच्या मराठी दैनिकात हा प्रसंग ज्या बातमीवर हमखास येतो ती घेऊन हे नीट पाहू. ती बातमी म्हणजे साखर कारखान्याने उसाचे पैसे मुदतीत न दिल्याची. कारखाना जिल्ह्यातला मोठा जाहिरातदार असतो. गळीत हंगामाच्या शुभारंभाचं पान, वार्षिक सभेची नोटीस, चेअरमनच्या वाढदिवसाची पुरवणी, सगळं तिथून येतं. चेअरमन आणि पेपरचे मालक एकमेकांना नावाने हाक मारणारे असतात. आणि त्याच पेपरचे निम्मे वाचक त्या कारखान्याला ऊस घालणारे असतात. हे तिन्ही धागे एकाच बातमीत येऊन अडकतात.

आधी बातमीचा पाया. केंद्राच्या ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने शेतकऱ्याला एफआरपीप्रमाणे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दराने, पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर थकीत रकमेवर वर्षाला 15 टक्के दराने व्याज लागतं. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये हा दर आहे. उतारा वाढला तर दर वाढतो आणि महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जाते. कुणी किती दिले आणि किती राहिले, याचा अहवाल पुण्याचं साखर आयुक्तालय दर पंधरवड्याला तयार करतं. आमच्या बातमीचा कणा तो अहवाल आहे.

समजा एका कारखान्याची नोंद अशी आहे. 15 जानेवारीपर्यंत गाळलेला ऊस दीड लाख टन. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 2,800 रुपये. म्हणजे देणं 42 कोटी. 31 जानेवारीपर्यंत दिलेले 26 कोटी 60 लाख. बाकी 15 कोटी 40 लाख, म्हणजे 63 टक्क्यांच्या आसपास रक्कम दिली. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण अहवालातली ओळ साधारण अशीच दिसते.

इथेच पहिली चूक होते आणि ती घाईत होते. अहवाल 31 जानेवारीचा असला तरी त्यातला ऊस 15 जानेवारीपर्यंतचा असतो, कारण नंतरच्या उसाचे 14 दिवस अजून भरायचे असतात. कारखाना मात्र रोज चालू असतो आणि 31 जानेवारीपर्यंतचं गाळप त्याने वेगळं जाहीर केलेलं असतं. बातमीदाराने ते गाळप घेऊन 2,800 ने गुणलं आणि त्यातून दिलेले पैसे वजा केले की थकबाकी फुगते. पंधरा कोटींचे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी होतात. दुसऱ्या दिवशी कारखाना एक पत्र पाठवतो. त्यात फक्त ही एक चूक दाखवलेली असते आणि तेवढ्यावर संपूर्ण बातमी खोटी ठरते. मालकांनी बातमी मवाळ करायला सांगितली होती तेच बरोबर होतं, असं मग सगळ्या कचेरीला वाटू लागतं. आकडा चुकला की पुढच्या पाच बातम्यांवरचा आपला हक्क जातो.

आता भाषा. या विषयात मराठीने आपल्या हातात एक फार नेमकी जोडी दिली आहे. 'एफआरपी थकली' आणि 'एफआरपी थकवली'. पहिल्या वाक्यात कर्ता नाही. पैसे आपोआप थकले, जसा माणूस चालून थकतो. दुसऱ्यात कुणीतरी थकवलेली आहे. रखडली आणि रखडवली, बुडाली आणि बुडवली, अडकली आणि अडकवली, सगळ्या जोड्या तशाच. मवाळ करायला सांगितलेली बातमी नव्वद टक्के वेळा या एका अक्षराने मवाळ होते. आकडा तोच राहतो, कारखान्याचं नावही कधीकधी राहतं, आणि क्रियापदातला 'व' जातो. डोळ्यांना फारसं काही बदललेलं दिसत नाही, म्हणून कुणी हरकत घेत नाही. पण ज्याने 14 दिवसांत पैसे द्यायचे होते तो वाक्यातून बाहेर पडलेला असतो.

याच जोडीत दुसरी बाजूही आहे आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. 'बुडवली' हा शब्द आकड्यात बसत नाही. पैसे दीड महिना उशिरा आले तर ते बुडवले नाहीत, थकवले. उपसंपादकाला मथळ्यात जोर हवा असतो, म्हणून तो 'शेतकऱ्यांचे 15 कोटी बुडवले' किंवा 'ऊस उत्पादकांची लूट' असं करतो. मालक या शब्दावर हरकत घेतात तेव्हा ते बरोबर असतात. त्यांचा हेतू चेअरमनला सांभाळण्याचा असेल, पण हरकत बरोबर आहे. हेतूवरून हरकतीची परीक्षा करू नये. बदलाने वाक्य अधिक अचूक होतंय की कमी अचूक, एवढंच पाहावं. 'बुडवली'ची 'थकवली' केली तर वाक्य अचूक होतं. 'थकवली'ची 'थकली' केली तर ते कमी अचूक होतं, कारण एक माहिती, म्हणजे कोणी, ती गेली. रात्री दहा वाजता डोकं तापलेलं असताना टिकेल अशी एवढीच एक कसोटी मला माहीत आहे.

म्हणून मथळा बातमीदाराने स्वतः लिहून द्यावा, तो बदलला जाणार हे माहीत असलं तरी. मालकांचा फोन बऱ्याचदा मथळ्यामुळे येतो. पानाचा फोटो कुणीतरी जाहिरात विभागात पाठवतो, तिथून तो वर जातो, आणि फोनवरून दिसतो तो फक्त मथळा. मजकूर कुणी वाचलेला नसतो. मथळ्यात आकडा, मुदत आणि कर्ता एवढंच असावं: 'कारखान्याने उसाचे 15.40 कोटी मुदतीत दिले नाहीत'. यात विशेषण नाही, आणि त्यातला एकही शब्द अहवालाबाहेरचा नाही. फोन झाला तरी संभाषण त्या आकड्यावर येतं आणि तो आकडा सरकारी कागदावर आहे.

मवाळ करण्याच्या आणखी काही पद्धती आहेत. त्या ओळखता यायला हव्यात, कारण प्रत्येकीचं नुकसान वेगळं असतं.

'नाव कशाला, जिल्ह्यातील एका कारखान्याने असं लिहा' ही सगळ्यात जुनी. ती सुरक्षित वाटते, पण तिच्यात सगळ्यांचंच नुकसान आहे. जिल्ह्यात बारा कारखाने असतील तर अकरा जणांवर विनाकारण संशय येतो आणि त्यातल्या ज्यांनी शंभर टक्के पैसे दिले ते सकाळी सातला फोन करतात. शेतकऱ्याला आपला कारखाना तोच का, हे कळत नाही. आणि ज्याचं नाव टाळलं तो तर सगळ्या तालुक्याला माहीतच असतो.

'असा आरोप शेतकरी संघटनेने केला आहे' ही दुसरी. इथे एक नोंद उचलून तिचा आरोप केला जातो. संघटनेने आंदोलन केलं असेल तर ती वेगळी बातमी आहे. पण आयुक्तालयाच्या अहवालातला आकडा संघटनेच्या तोंडी घातला की वाचकाला वाटतं, हे राजकारण आहे, दोन बाजू आहेत. पंधरा कोटी चाळीस लाखांना दोन बाजू नसतात. ते का राहिले, याला असू शकतात.

तिसरी पद्धत सगळ्यात सभ्य दिसते: कारखान्याचा खुलासा पहिल्या परिच्छेदात घेणं. 'साखरेला उठाव नसल्याने कारखान्यांपुढे आर्थिक पेच निर्माण झाला असून त्यामुळे काही ठिकाणी एफआरपी देण्यास विलंब होत आहे.' हे वाक्य खोटं नाही. साखर विकून पैसे यायला महिने लागतात, बँकेची उचल साखरेच्या तारणावर मिळते आणि त्यातून आधीची कर्जं कापली जातात, हे सगळं खरं आहे आणि वाचकाला सांगण्यासारखंही आहे. पण कारण आधी आणि घटना नंतर आली की घटनेचं वजन जातं. आधी काय झालं, मग का झालं, हा क्रम बदलू देऊ नये. खुलासा पूर्ण घ्यावा, त्याच पानावर घ्यावा, शेपटीत दोन ओळी कोंबू नयेत, पण तो इंट्रोच्या खाली असावा.

चौथी पद्धत म्हणजे 'उद्या देऊ'. हिच्यात एक बारकी गोष्ट आहे. एफआरपीच्या बातमीला आयुष्य पंधरा दिवसांचं असतं. पुढचा अहवाल आला की जुना आकडा मेला. आज शुक्रवार असेल, 'सोमवारी सविस्तर देऊ' असं ठरलं, आणि सोमवारी कारखान्याने चार कोटी वर्ग केले, तर आपल्या हातातली बातमी चुकीची झालेली असते. थांबल्याने बातमी पक्की होणार असेल, एखादा कागद यायचा राहिला असेल, तर थांबावं. तो कागद कोणता आणि तो कधी येणार, हे सांगता येत नसेल तर ते थांबणं बातमीसाठी नाही.

हे सगळं रात्री ओळखायचं असेल तर दुपारी तयारी झालेली हवी. मालकांचा फोन पावणेदहाला येणार हे गृहीत धरून दिवस मागून पुढे आखावा लागतो. अहवाल चार वाजता हाती आला असं धरू. पहिला अर्धा तास फक्त आकड्यांचा. अहवालातली ओळ छायाचित्रासह, त्यावर तारीख, कोणत्या तारखेपर्यंतचं गाळप, देय, अदा, शिल्लक. टक्केवारी स्वतः काढायची, अहवालातली उचलायची नाही, कारण दोन्ही जुळल्या नाहीत तर कुठेतरी ओळ चुकीची वाचली गेली आहे हे तिथेच कळतं. कोटीचे लाख आणि लाखाचे कोटी इथेच होतात.

मग कारखान्याला प्रश्न. इथे सगळ्यात जास्त ढिलाई होते. 'तुमची प्रतिक्रिया काय' असं फोनवर विचारलं की 'लवकरच देऊ' असं उत्तर येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. प्रश्न लेखी पाठवावेत, कार्यकारी संचालकांना, साडेपाचच्या आत, आणि तीनच. अहवालातला हा आकडा बरोबर आहे का? राहिलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत देणार? शेतकऱ्यांशी 14 दिवसांऐवजी वेगळ्या मुदतीचा लेखी करार झाला आहे का, असल्यास त्याची प्रत द्याल का?

तिसरा प्रश्न कळीचा आहे आणि बहुतेक बातम्यांत तो विचारलेलाच नसतो. ऊस नियंत्रण आदेशातली 14 दिवसांची मुदत, दोन्ही पक्षांत वेगळा लेखी करार नसेल तर लागू होते. कारखान्याकडे असे करार असले तर 'मुदतीत दिले नाहीत' हे तुमचं मध्यवर्ती वाक्यच डळमळतं. रात्री दहा वाजता चेअरमन मालकांना सांगतात, "आमचा तर हप्त्यांचा करार आहे," आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. बातमी त्या क्षणी पडते, आणि ती पडायलाच हवी. हाच प्रश्न साडेपाचला लेखी गेला असेल आणि साडेसातपर्यंत करार दाखवला गेला नसेल, तर रात्रीचं वाक्य तयार असतं: 'वेगळ्या मुदतीचा करार आहे का, या लेखी प्रश्नाला कारखान्याने उत्तर दिले नाही.' आणि करार आलाच, तर तो किती शेतकऱ्यांशी झाला, ऊस घालण्याआधी सही घेतली की नंतर, हे पाहायचं. तीही बातमीच आहे, फक्त आजची नाही.

उत्तर आलं नाही तर 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' एवढं लिहून भागत नाही. किती वाजता प्रश्न पाठवले आणि फोन किती वेळा केला, ते लिहावं. हे वाक्य वाचकासाठी जितकं आहे तितकंच मालकांसाठी आहे. "त्यांना विचारलं होतं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त प्रश्न आहे.

मालकांची भीती सगळी जाहिरातीची नसते, हेही समजून घेतलं पाहिजे. बदनामीची फिर्याद झाली तर प्रकाशक म्हणून त्यांचंही नाव येतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागू आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखांना जाणं हीच खरी शिक्षा असते. या कलमाला अपवाद आहेत. पहिला अपवाद सांगतो, मजकूर खरा असावा आणि तो प्रसिद्ध करणं सार्वजनिक हिताचं असावं. दोन्ही लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल निकालात सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या प्रकाशनाला मोठं संरक्षण दिलं आहे. म्हणजे अहवालाला धरून लिहिलेलं वाक्य कायद्याच्या दृष्टीनेही जास्त भक्कम असतं, आणि 'एका कारखान्याने' किंवा 'लूट' ही दोन्ही टोकं जास्त कच्ची. मालकांना हे सांगता यायला हवं. "हे छापणं धाडसाचं आहे" असं सांगून त्यांचा जीव वर काढण्यापेक्षा "या मजकुरातल्या प्रत्येक ओळीला कागद आहे" हे सांगणं त्यांच्याही उपयोगाचं असतं.

आणि पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कायद्याप्रमाणे कोणाची, ती सांगणारी. तिथे नाव संपादकांचं असतं. म्हणून मालकांचा निरोप थेट बातमीदाराकडे आला तर तो नम्रपणे संपादकांकडे न्यावा. "साहेब, मी संपादकांना विचारून लगेच कळवतो" या वाक्यात काही उद्धटपणा नाही. त्याने दोन गोष्टी होतात. निर्णय ज्याच्या नावाची ओळ आहे त्याच्याकडे जातो, आणि 'सौम्य करा' या धूसर शब्दाला आकार द्यावा लागतो, कारण संपादक विचारतात, "नेमकं कोणतं वाक्य?"

हा प्रश्न फार उपयोगी आहे. कोणतं वाक्य चूक आहे? चूक असेल तर दुरुस्त करू. कुणाची बाजू राहिली आहे? राहिली असेल तर घेऊ. कोणतं विशेषण जास्त झालं आहे? काढू. या तिन्ही गोष्टींना मनापासून तयार असावं, आणि त्या पाच मिनिटांत करता येतील अशा ठेवाव्यात. मी तर म्हणेन, विशेषणं काढायला उत्साहाने तयार असावं. 'तब्बल', 'धक्कादायक', 'बळीराजा', 'वाऱ्यावर सोडले' हे सगळं गेलं तर बातमीचं काही बिघडत नाही, उलट आकडा उघडा पडतो. नाव, रक्कम, तारीख आणि नोंद कुठली, या चार गोष्टींना मात्र हात लावायचा नाही.

तरीही अडलं, तर एक मार्ग आहे आणि तो जिल्हा दैनिकांत चालतो. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांची चौकट करायची. कारखान्याचं नाव, देय रक्कम, दिलेली रक्कम, टक्केवारी. इंट्रो जिल्ह्याच्या एकूण थकबाकीचा. मालकांना चेअरमनना सांगता येतं की एकट्याची नाही आली, सगळ्यांची आली. बातमीदाराची एका कारखान्याची खास बातमी गेली, हे खरं. मथळ्यातून नाव गेलं, हेही खरं. तरी ही तडजोड मला मान्य होते, दोन अटींवर. चौकट अकारविल्हे लावायची नाही, टक्केवारीप्रमाणे लावायची, म्हणजे सर्वांत कमी पैसे देणारा वर दिसतो. आणि टक्केवारीचा रकाना जागेअभावी गाळायचा नाही. रात्री पान बसत नसलं की पहिल्यांदा तोच रकाना जातो, आणि मग नुसत्या कोटींच्या आकड्यांत मोठा कारखाना वाईट दिसतो आणि छोटा, ज्याने चाळीस टक्केच दिलेत, तो झाकला जातो.

वेळेच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असावी. डाक आवृत्ती साडेदहाला गेली तरी शहर आवृत्तीचं पान बारा-सव्वाबारापर्यंत उघडं असतं. रंगीत पानाला चार प्लेटा लागतात, पण काळ्या अक्षरातला मजकूर बदलायचा असेल तर फक्त काळी प्लेट नव्याने काढली तरी चालतं. म्हणजे 'आता काही होऊ शकत नाही, पान गेलं' हे प्रत्येक वेळी खरं नसतं, आणि ते दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. बातमी पातळ करायला वेळ असतो, पण पातळ केलेली दुरुस्त करायला मात्र वेळ उरत नाही. साडेदहाला डाकेत चुकलेलं वाक्य शहर आवृत्तीत सरळ करता येतं का, हे प्रॉडक्शनला विचारायला एक फोन लागतो. घाईतला नियम एकच ठेवावा: शेवटच्या तासात नवीन दावा आत घ्यायचा नाही. कागद नसलेलं वाक्य काढून टाकायचं. कागद असलेलं वाक्य वळवायचं नाही. काढलेलं वाक्य उद्या परत घालता येतं, पण वळवलेलं वाक्य आपल्या नावाने छापून गेलेलं असतं.

आपल्या नावाचा प्रश्न शेवटी येतोच. संपादकांनीही मान्य करून बातमीचा अर्थच बदलला, तर बातमीदार आपली बायलाइन काढायला सांगू शकतो. मग ती 'प्रतिनिधी' म्हणून जाते. हे भांडण न करता, एका ओळीत, मजकूर पान सोडण्याआधी सांगावं. मूळ पाठवलेली कॉपी वेळेसकट जपून ठेवावी, कारण पुढे कुणी फिर्याद केली किंवा कुणी शेतकऱ्याने विचारलं तर आपण काय लिहिलं होतं हे सांगता आलं पाहिजे.

पण हा सल्ला पगारी बातमीदाराला देता येतो. तालुक्याच्या वार्ताहराला तो देताना माझा हात अडखळतो. त्याला अनेक ठिकाणी मानधन नावापुरतं असतं आणि खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. ज्या कारखान्याची थकबाकी तो लिहिणार, त्याच कारखान्याच्या दारात तो वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात मागायला गेलेला असतो. त्याच्या बातमीला मालकांना फोन करावाच लागत नाही. ती आधीच मवाळ होऊन येते, किंवा येतच नाही. अशा वेळी जिल्हा कचेरीने एक करावं: एफआरपीची बातमी तालुक्यातून मागवूच नये. अहवाल पुण्यात तयार होतो, तो जिल्हा डेस्कने मिळवावा आणि डेस्कच्या नावाने द्यावा. वार्ताहराकडून फक्त शेतकऱ्यांच्या पावत्यांचे फोटो घ्यावेत, वार्ताहराचं नाव न छापता. त्याला त्या दारात पुन्हा उभं राहायचं आहे, ही गोष्ट आपण विसरलो तर त्याच्यावर अन्याय आपणही करतो.

त्या पावत्यांचा दुसरा उपयोग असा की त्यांनी बातमीत माणूस येतो आणि तोही आकड्यांतून. समजा एकाने 3 डिसेंबरला 40 टन ऊस घातला. टनाला 2,800 प्रमाणे 1 लाख 12 हजार रुपये. ते 17 डिसेंबरपर्यंत खात्यावर यायला हवे होते. 31 जानेवारीला 45 दिवस उशीर झाला. 15 टक्क्यांनी त्याचं व्याज 2,071 रुपये होतं, म्हणजे दिवसाला 46 रुपये. मूळ रक्कम आली तरी हे व्याज सहसा कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही, कारण ते किती होतं हे कुणी काढून दाखवलेलं नसतं. कारखान्याच्या बाजूने हाच हिशेब केला तर 15 कोटी 40 लाखांवर दिवसाला 63 हजारांहून जास्त रुपये व्याज होतं. हा परिच्छेद मालकांच्या फोननंतरही टिकतो, असं दिसेल. त्यात कुणावर टीका नाही, कुणाचा आरोप नाही, फक्त एक दर आणि एक गुणाकार आहे. म्हणून तो चौकटीत घालावा आणि चौकट मुख्य बातमीपासून वेगळी पाठवावी, म्हणजे वरची बातमी कापली गेली तरी ती पानावर राहते.

बातमी मवाळ होऊनच छापली गेली, तर अहवालाची प्रत फाइलला लावून वहीत पुढची तारीख टाकायची. 15 फेब्रुवारीचा अहवाल येईल, त्यात 31 जानेवारीपर्यंतचं गाळप असेल. त्यातली तीच ओळ काढायची आणि मागच्या ओळीशी ताडून पाहायची. थकबाकी कमी झाली असेल तर तसं लिहायचं, आणि व्याज दिलं का, हे विचारायचं. वाढली असेल तर आयुक्तांकडे सुनावणी लागली का, आणि वसुलीसाठी आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश, निघाली का, हे विचारायचं. आरआरसी निघाली की विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि कारखान्याची साखर, मळी, बगॅस विकून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. त्या आदेशावर कारखान्याचं नाव छापील असतं, रक्कम असते, आणि खाली आयुक्तांची सही. त्यात क्रियापद कोणतं वापरायचं, हा प्रश्न मग कुणाच्या फोनचा राहत नाही.